संपादकाचे चार शब्द

नियतकालिक हाती आले म्हणजे आपण आधी मुखपृष्ठ पाहतो, मग अनुक्रमणिकेवरून नजर फिरवतो आणि ओळखीच्या लेखकाचे पान काढतो. संपादकाने लिहिलेले ‘चार शब्द’ मध्येच कोठे तरी राहून जातात. वाचकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या चार शब्दांत आपल्यासाठी काही नसते, हे तो अनुभवाने शिकलेला असतो. कथा-कादंबऱ्यांची समीक्षा आपल्याकडे उदंड होते. पण प्रत्येक अंकाच्या दारात उभा असलेला हा लहानसा गद्यप्रकार कोणी तपासून पाहिलेला माझ्या वाचनात फारसा नाही. तो तपासण्याचा योग मला एका गृहस्थांमुळे आला, आणि त्या तपासणीतून जे निघाले ते माझ्या अपेक्षेहून निराळे होते.

हे गृहस्थ आमच्या शहरातील, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील, एका वाचनालयाचे त्रैमासिक वार्तापत्र काढतात. सोळा पाने, चारशे प्रती. ते सेवानिवृत्त आहेत. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले व टंकलिखित कागद पुढे ठेवून म्हणाले, “गुरुजी, एवढे शुद्धलेखन बघून द्या. उद्या छापखान्यात द्यायचे आहे.”

कागदावर असे होते:

“सप्रेम नमस्कार. आपल्या वार्तापत्राचा हा अंक वाचकांच्या हाती देताना आम्हांस अतिशय आनंद होत आहे. सर्वप्रथम, अंकास झालेल्या विलंबाबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. छापखान्याच्या अडचणी, मजकूर वेळेवर न मिळणे, मध्यंतरी संपादकांची प्रकृती बरी नसणे आणि अशाच काही अपरिहार्य कारणांमुळे अंक वेळेवर काढता आला नाही. मागील अंकातही काही त्रुटी राहून गेल्या, त्याबद्दल वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. आजच्या धकाधकीच्या जीवनात वाचनसंस्कृती टिकवणे ही काळाची गरज आहे. त्या दृष्टीने आमचा हा अल्पसा प्रयत्न आहे. या अंकात विविध विषयांवरील वाचनीय मजकूर दिला आहे. एका निवृत्त सभासदांनी नहरीच्या मार्गाने पायी जाऊन लिहिलेला लेखही या अंकात आहे. जाहिरातदार, हितचिंतक व लेखक यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. अंक गोड मानून घ्यावा, ही विनंती.”

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी नानांना विचारले, “मागच्या वर्षीचे अंक घरी आहेत का?” दुसऱ्या दिवशी ते चार अंक घेऊन आले. आम्ही नव्या टिपणातले एकेक वाक्य घेऊन जुन्या टिपणांत शोधू लागलो. नमस्कार सोडला तर टिपणात दहा वाक्ये होती. त्यांपैकी सात थोड्याफार फरकाने जुन्या अंकांत सापडली. आणखी दोन सापडली नाहीत, पण तेथे घातली असती तर कोणाला संशयही आला नसता. फक्त एक वाक्य, नहरीवरील लेखाचे, या अंकाखेरीज कोठेच बसत नव्हते. ते दहांपैकी आठवे होते. म्हणजे वाचकाला अंकाची पहिली बातमी कळण्यासाठी सात वाक्ये ओलांडावी लागत होती, आणि तेथवर पोचल्यावरही त्या वाक्यातला ‘ही’ सांगत होता की हे विशेष काही नव्हे, इतर मजकुरासारखेच आहे.

भरताड ओळखण्याची ही साधी रीत आहे. जे वाक्य गेल्या वर्षीच्या अंकात जसेच्या तसे चालले असते, ते या अंकाबद्दल काहीच सांगत नाही. “विविध विषयांवरील वाचनीय मजकूर” हे शब्द जगातल्या कोणत्याही अंकाला लागू पडतात. म्हणूनच ते कोणत्याही अंकाचे नसतात.

नाना थोडे दुखावले. ते म्हणाले, “गुरुजी, घरी पाहुणा आला तर आधी या, बसा म्हणावे की नाही? ही रीतभात आहे.”

मी म्हणालो, “म्हणावे ना. पण त्याला उंबरठ्याबाहेर उभा करून सतरंजी मळली आहे, चहात साखर कमी पडली आहे, मुलाला कालपासून ताप आहे, हे सांगत बसलो तर तो पुढच्या वेळी येईल का?”

ही रीतभात कोठून आली असावी? माझी समजूत अशी आहे की ती वर्गणीच्या आणि उपकाराच्या संबंधातून आली. लहान नियतकालिकाचा संपादक बिनपगारी असतो. जाहिरात मागायला तोच जातो, मजकुरासाठी तोच आर्जवे करतो, टपालाची तिकिटेही पुष्कळदा तोच चिकटवतो. तीन महिने विनवण्या केल्यावर तो लिहायला बसतो, तेव्हा लेखणीतून विनवणीच उतरते. शिवाय टिपण सर्वांत शेवटी, छापखान्याचा माणूस दारात उभा असताना लिहिले जाते. त्या क्षणी त्याच्या मनात लेख नसतात, झालेला उशीर असतो. म्हणून टिपणाचा पहिला विषय उशीर होतो. थोडक्यात, संपादक स्वतःच्या मनात जे सर्वांत वर आहे ते सर्वांत वर लिहितो. वाचकाच्या मनात मात्र उशिराला जागाच नसते. पुष्कळांच्या तो ध्यानातही आलेला नसतो.

मोठ्या अडचणीत निघालेल्या पत्रांनी याहून निराळे केल्याचे दाखले मराठीत आहेत. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले. पहिल्या अंकात ‘मनोगत’ या शीर्षकाचा लेख आहे. पत्र नवे, पाठीशी पैसा थोडा. छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये हा मोठा आधार. दिलगिरी व्यक्त करण्यास, आभार मानण्यास, उदार आश्रय मागण्यास याहून योग्य प्रसंग कोणता? पण ‘मनोगत’ पत्रापासून सुरू होतच नाही. ते देशापासून सुरू होते. प्रेक्षक म्हणून या देशाकडे पाहिले तर काय दिसते, निसर्गाची संपत्ती आणि माणसांची स्थिती यांत केवढे अंतर आहे, हे आधी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मग येतो तो प्रसिद्ध मनोरा: प्रत्येक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडी नाही. एवढे झाल्यावर चालू वृत्तपत्रांचा विषय निघतो. अस्पृश्यांच्या प्रश्नाला थोडीफार जागा देणाऱ्या पत्रांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे, आणि ती जागा पुरी का पडत नाही हे सांगून मगच नव्या पत्राची गरज मांडली आहे. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. वाचकाने जे पाहायचे ते आधी, पत्राने स्वतःविषयी बोलायचे ते मागून. आणि जेव्हा ते स्वतःविषयी बोलते, तेव्हाही वाचकाला त्या पत्राची गरज आधीच पटलेली असते.

‘मूकनायका’शी सोळा पानी वार्तापत्राची तुलना करणे अन्याय होईल, हे मला कळते. मी क्रमापुरतेच बोलत आहे. क्रम लहानालाही पाळता येतो.

आता आमच्या टिपणाकडे वळू. आठवे वाक्य वर आणायचे ठरले. पण का? अंकात दुसरीही एक सुंदर गोष्ट होती. बावीस वर्षांपूर्वी नेलेले एक पुस्तक कोणी तरी परत आणून दिले, त्याची ग्रंथपालांनी लिहिलेली हकीकत. नानांचा ओढा तिच्याकडे होता. ती अधिक गोड होती हे खरे. पण ती अर्ध्या पानाची होती. टिपणाच्या आरंभी जिचे बोट धरले ती गोष्ट दोन मिनिटांत संपली तर वाचक फसल्यासारखा होतो आणि उरलेल्या साडेपंधरा पानांकडे संशयाने पाहतो. नहरीचा लेख पाच पानांचा होता. शिवाय हे शहर पाण्याचे आहे. म्हणजे पाण्याच्या वाणवेचे. कितीतरी वर्षे येथील घरांनी काही काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. सतराव्या शतकात मलिक अंबराने खडकी वसवली आणि जमिनीखालच्या नहरीने तिला पाणी आणले, ही गोष्ट येथे शाळेतली मुलेही सांगतात. पनचक्कीच्या हौदापाशी उभे राहिलेल्या प्रत्येकाने नहरीचे पाणी पाहिले आहे. जो प्रश्न वाचकाच्या स्वयंपाकघरात आधीच आहे त्याला हात घालणारा लेख आरंभाला घ्यावा, हे ओघानेच आले.

दोन दिवसांनी नाना नवे टिपण घेऊन आले. दिलगिरी पार गेली होती. त्याऐवजी असे होते: “काय दडले आहे आपल्या पायांखाली? चारशे वर्षांपूर्वीची नहर आजही खळखळा वाहते आहे! हा अंक वाचल्यावर नहरीचा सारा इतिहास आपल्यापुढे उलगडेल!”

एका रोगातून उठून माणूस दुसऱ्यात पडतो तसे हे झाले. आम्ही लेख शेजारी ठेवला आणि पुन्हा एकेक वाक्य ताडले. लेखकाला पाण्याचा आवाज एकाच ठिकाणी ऐकू आला होता. “खळखळा वाहते” हे टिपणाने पदरचे घातले होते. सारा इतिहास लेखात नव्हता, जेमतेम एक परिच्छेद होता. कारण लेखक इतिहासकार नव्हेत, ओव्हरसियर होते, आणि त्यांनी जे पाहिले तेवढेच प्रामाणिकपणे लिहिले होते. पहिला प्रश्न तर कोणत्याही गावाच्या, कोणत्याही लेखाच्या डोक्यावर बसवता आला असता. माझी गेल्या वर्षीच्या अंकाची कसोटी त्यालाही लावता येत होती.

दिलगिरीने सुरू होणारे टिपण वाचकाला कंटाळा देते. असे टिपण त्याला पान तीनवर नेऊन निराश करते. दुसरे अधिक वाईट. कंटाळलेला वाचक निदान लेखकावर रागावत नाही. येथे मात्र लेखकाने न दिलेले वचन मोडल्याचा ठपका लेखकावर येतो. म्हणून आरंभाचे वाक्य लिहून झाले की ते लेखात बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. दाखवता येत नसेल तर ते काढावे, मग ते कितीही सुंदर असो.

लेखातच शोधता एक जागा सापडली. एका झाकणाच्या फटीला कान लावला तेव्हा खाली पाणी होते. पुढचे झाकण चारशे पावलांवर, तेथे कोरडी धूळ. मी लगेच लिहिले: “एके ठिकाणी त्यांनी झाकणाच्या फटीला कान लावला, तेव्हा खाली पाणी वाहत होते.” मला स्वतःवर खूश होण्यास वेळ मिळाला नाही. नाना म्हणाले, “गुरुजी, ‘त्यांनी’ म्हणजे कोणी? आपल्या चारशे सभासदांत साठ-सत्तर वर्षांचे लोक पुष्कळ. ते पुन्हा वर जाऊन बघतील की काही वाचायचे राहिले काय.” त्यांचे बरोबर होते. कादंबरीत चालणारी ही लकब येथे खोटी होती. कादंबरीचा वाचक दोनशे पाने थांबायला तयार होऊन आलेला असतो. वार्तापत्राचा वाचक उभ्याने पाने चाळत असतो.

शेवटी ठरलेले टिपण असे:

“आपले एक सभासद, निवृत्त ओव्हरसियर, नहरीच्या मार्गाने दोन दिवस पायी चालले. एके ठिकाणी त्यांनी झाकणाच्या फटीला कान लावला, तेव्हा खाली पाणी वाहत होते. पुढचे झाकण चारशे पावलांवर होते; तेथे धूळ होती. मधल्या चारशे पावलांत पाणी गेले कोठे, याचा त्यांनी घेतलेला शोध पृष्ठ ३ वर आहे. वाटेतल्या वस्त्यांत त्यांना जे सांगण्यात आले तेही त्यांनी लिहिले आहे. जुन्या शहरात वाढलेल्या वाचकांनी ते आपल्या आठवणीशी ताडून पाहावे आणि जुळत नसेल तर आम्हांला कळवावे.

बावीस वर्षांनी वाचनालयात परत आलेल्या एका पुस्तकाची हकीकत पृष्ठ ११ वर आहे. ते आणून देणारे गृहस्थ ते नेणारे नव्हेत.

अंक सात आठवडे उशिरा निघत आहे. त्यामुळे पृष्ठ १४ वरील निबंधस्पर्धेची मूळ मुदत उलटून गेली आहे. ती एक महिना वाढवली आहे.”

यात उशीर गेलेला नाही, हे पाहावे. तो शेवटी आला आणि नेमका झाला. पहिल्या टिपणात विलंबाची चार कारणे होती, पण विलंब किती आणि त्याने कोणाचे काय गेले, हे नव्हते. कारणे संपादकाच्या उपयोगाची असतात, परिणाम वाचकाच्या. सात आठवड्यांनी कोणाचेच काही बिघडले नसते तर तेही वाक्य गाळता आले असते. येथे मुलांची स्पर्धा हुकत होती. आभारांची यादी शेवटच्या पानावर जाहिरातींच्या शेजारी गेली. ज्यांचे आभार मानायचे ते तेथे ती पाहतातच.

एवढे झाल्यावर मला वाटले, काम संपले. एक वाक्य मात्र हातात उरले होते: “मागील अंकातही काही त्रुटी राहून गेल्या.” माझ्या कसोटीने ते केव्हाच बाद झाले होते, कारण ते जुन्या दोन अंकांत शब्दशः होते. तरी गाळण्यापूर्वी मी सहज विचारले, “नाना, कसल्या त्रुटी?”

नाना काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मागील अंकाचे पंधरावे पान काढले. श्रद्धांजलीच्या चौकटीत एका वृद्ध सभासदांचे नाव होते. गेले होते त्यांचे धाकटे भाऊ. आडनाव एक, वडिलांचे नाव एक, आणि नावाचे पहिले अक्षरही एकच. थोरले हयात होते, वाचनालयात येत होते. अंक निघाल्यापासून ते येईनासे झाले होते.

“मला त्यांच्याकडे जाण्याचा धीर झाला नाही,” नाना म्हणाले. “म्हणून मी ते वाक्य घातले.”

त्या संध्याकाळी माझी कसोटी अपुरी असल्याचे मला कळले. मी सारी दिलगिरी भरताड समजून झाडून टाकत होतो. त्या ढिगात एक खरी दिलगिरी होती आणि ती इतर नऊ वाक्यांसारखीच दिसत होती. नव्हे, तशी दिसावी म्हणूनच ती तशी लिहिली होती. अघळपघळ क्षमायाचनेचा हाच खरा दोष आहे. वाचकाला ती कंटाळवाणी होते ही त्या मानाने लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की प्रत्येक अंकात सगळ्याचीच क्षमा मागणाऱ्याला एका माणसाची क्षमा मागण्यासाठी शब्द उरत नाहीत. म्हणून गाळण्यापूर्वी प्रत्येक दिलगिरीला “नेमके काय झाले?” असे विचारावे. उत्तर आले नाही तर ती गाळावी. उत्तर आले तर ती गाळू नये, उलट टिपणातून काढून तिला स्वतंत्र जागा द्यावी.

टिपणाच्या खाली, त्याच पहिल्या पानावर, आम्ही चौकट घातली. नावे मी येथे देत नाही. तेथे ती पूर्ण दिली होती. “दुरुस्ती. मागील अंकात पृष्ठ १५ वर श्रद्धांजलीच्या चौकटीत श्री. अमुक यांचे नाव छापले गेले. ते हयात आहेत. निधन झाले ते त्यांचे धाकटे बंधू श्री. तमुक यांचे. ही चूक संपादकाची आहे.” ‘त्रुटी’ हा शब्द नाही, ‘राहून गेली’ हे क्रियापद नाही, उदार मन नाही. नानांना शेवटचे वाक्य लिहिताना सर्वांत अधिक वेळ लागला. ‘अनवधानाने’ हा शब्द त्यांनी दोनदा घातला आणि दोनदा खोडला.

चौकट पंधराव्या पानावर घालावी असेही सुचले होते, कारण चूक तेथे झाली होती. पण पंधरावे पान थोडेच लोक वाचतात, आणि अशी बातमी तर न वाचणाऱ्यांपर्यंतही तोंडातोंडी पोचलेली असते. दुरुस्ती चुकीपेक्षा कमी दिसेल अशा जागी ठेवणे म्हणजे ती न करण्यासारखेच आहे. आणि याला जोडून माझ्या नियमाचा अपवादही सांगून ठेवतो. चूक जर मागील अंकाच्या मुख्य लेखातच असती, वाचकांनी तिच्यावर विसंबून काही केले असते, तर नहरीच्या पाण्याला थांबावे लागले असते. तेव्हा दुरुस्तीनेच आरंभ करणे योग्य. कारण त्या अंकातली वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बातमी तीच असते.

छापखान्यात देण्यापूर्वी नाना तो कागद घेऊन त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेले. मी बरोबर जातो म्हणालो, ते नको म्हणाले. तेथे काय बोलणे झाले हे त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. एवढेच कळले की चौकटीत धाकट्या भावाच्या नावाचे एक अक्षर चुकले होते, ते थोरल्या भावाने आपल्या हाताने दुरुस्त करून दिले.